अर्धगोल वाडग्याच्या काठावर टेकलेली दांडी: समतोलाचा कोन कसा काढायचा

एक अर्धगोल वाडगा आहे, आतून गुळगुळीत, काठ जमिनीला समांतर. त्यात एक एकसमान दांडी अशी ठेवली आहे की तिचं खालचं टोक वाडग्याच्या आतल्या भिंतीला टेकलंय, मधला कुठला तरी भाग काठावर विसावलाय आणि उरलेली दांडी काठाबाहेर आली आहे. घर्षण कुठेच नाही. अशी दांडी आडव्या पातळीशी किती अंशाचा कोन करून स्थिर राहील?

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं भौतिकशास्त्र शिकायला येतात. स्थितिशास्त्राच्या प्रकरणात मी हे गणित दरवर्षी घेतो आणि त्याला अख्खा तास देतो. यात लागणारी भूमिती दहावीच्या पुस्तकातली आहे आणि समीकरण शेवटी साधं वर्गसमीकरण निघतं. तरीही बहुतेकांचं उत्तर चुकतं, आणि ते जवळजवळ नेहमी आकृतीतच चुकतं. दोन प्रतिक्रिया कुठल्या दिशेला आहेत हे नीट ठरलं की पुढचं काम चार ओळींचं आहे. म्हणून इथेही मी आकृतीवर जास्त वेळ घालवणार आहे.

आकृती काढताना

वाडग्याचा मध्यातून जाणारा उभा छेद घ्या. कागदावर ते खालचं अर्धवर्तुळ दिसेल. त्याचं केंद्र O काठाच्या पातळीवर आहे, त्रिज्या r. दांडीची लांबी 2l धरा, म्हणजे मध्यबिंदू G टोकापासून l अंतरावर येईल. लांबी 2l धरण्याचा फायदा एवढाच की पुढे अपूर्णांक कमी येतात, पण हे अक्षर कशासाठी धरलंय ते आकृतीशेजारी लिहून ठेवा. याची गरज पुढे पडेल.

दांडीचं आतलं टोक A डाव्या भिंतीवर, काठावरचा बिंदू C उजवीकडे. दांडी आडव्याशी करते तो कोन θ.

आता OA जोडा. OA आणि OC दोन्ही त्रिज्या आहेत, म्हणून त्रिकोण OAC समद्विभुज. OC ही रेषा आडवी आहे, म्हणून C पाशी दांडी आणि OC यांच्यातला कोन θ. मग A पाशी दांडी आणि AO यांच्यातला कोनही θ. यातून दोन गोष्टी मिळतात. पहिली, जीवेची लांबी:

AC = 2r cosθ

दुसरी, AO ही रेषा आडव्याशी 2θ कोन करते, कारण दांडी स्वतः θ कोनात वर चढते आणि AO तिच्याही वर आणखी θ ने उचललेली आहे. AO चा आडव्याशी कोन θ च आहे असं समजून पुढे गेलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आकृतीत दांडी बरीच कलती काढली, साधारण ३० अंशांची, की 2θ नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. दांडी जवळजवळ आडवी काढली तर दोन्ही कोन सारखेच वाटतात आणि घोळ होतो.

प्रतिक्रियांच्या दिशा

दांडीवर तीनच बलं आहेत. G पाशी खाली वजन W, A पाशी वाडग्याची प्रतिक्रिया R आणि C पाशी काठाची प्रतिक्रिया N. घर्षण नाही, म्हणून प्रत्येक प्रतिक्रिया स्पर्शाच्या ठिकाणी पृष्ठभागाला लंब असते. प्रश्न असा की कुणाच्या पृष्ठभागाला?

A पाशी दांडीचं टोक म्हणजे नुसता बिंदू. टोकाला लंब अशी काही दिशा नसते. पृष्ठभाग आहे तो वाडग्याचा, आणि गोलाच्या पृष्ठभागाला लंब म्हणजे त्रिज्या. म्हणून R ची दिशा A कडून O कडे.

C पाशी उलटं आहे. तिथे वाडग्याची धार आहे, धारेला स्वतःची लंबदिशा नाही. पृष्ठभाग आहे तो दांडीचा, लांब आणि सरळ. म्हणून N दांडीला लंब, वरच्या बाजूला.

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे. वाडगा गोल आहे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून मुलं C पाशीही प्रतिक्रिया केंद्राकडे दाखवतात. तसं केलं तर N आडवी होते. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, काठ वाडग्याचाच भाग आहे, मग तिथली प्रतिक्रिया केंद्राकडे का नाही?" मी तिला पट्टी टेबलाच्या कडेवर तिरकी धरायला लावली आणि डोळे मिटून सांगायला सांगितलं की कड पट्टीला कुठल्या दिशेला ढकलतेय. पट्टीचा कोन बदलला की ढकलण्याची दिशाही बदलते, टेबल मात्र तिथेच असतं. ती दिशा टेबल ठरवत नाही, पट्टी ठरवते.

तीन रेषा एका बिंदूत

एखाद्या वस्तूवर तीनच बलं असतील, ती एका प्रतलात असतील आणि समांतर नसतील, तर समतोलासाठी त्यांच्या क्रियारेषा एकसंपाती असाव्या लागतात. दोन रेषा जिथे छेदतात त्या बिंदूभोवती मोमेंट घेतली तर त्या दोन बलांची मोमेंट शून्य. मग तिसऱ्याचीही शून्यच हवी, म्हणजे तिसरी रेषाही त्याच बिंदूतून गेली पाहिजे.

R ची रेषा म्हणजे AO वाढवलेली. N ची रेषा म्हणजे C मधून दांडीला काढलेला लंब. या दोन रेषा D या बिंदूत छेदतात असं म्हणू. D कुठे असेल?

कोन ACD काटकोन आहे. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो हे दहावीत शिकलेलं आठवा. A आणि C दोन्ही आपल्या वर्तुळावर आहेत. A मधून केंद्रातून जाणारी रेषा वर्तुळाला पलीकडे जिथे भेटते तो बिंदू घेतला तर AD व्यास होतो आणि C पाशी काटकोन आपोआप बनतो. C मधून AC ला लंब एकच निघतो, म्हणून D हाच तो बिंदू. वाडग्याचं वर्तुळ वरच्या बाजूने पुरं केलं तर D बरोबर त्याच्यावर, A च्या समोरासमोर येतो आणि

AD = 2r

या गणितातली मला सर्वात आवडणारी जागा ही. वाडगा अर्धाच आहे, पण उत्तर पूर्ण वर्तुळ काढल्यावर दिसतं. आकृतीत वरचं अर्धवर्तुळ तुटक रेषेने नक्की काढा.

समीकरण

वजनाची रेषा उभी आहे आणि ती D मधून जायला हवी. म्हणजे G हा बिंदू D च्या बरोबर खाली. A पासून दोघांचं आडवं अंतर सारखं असलं पाहिजे. G साठी ते l cosθ, कारण AG = l आणि दांडी θ कोनात आहे. D साठी ते 2r cos2θ, कारण AD = 2r आणि ती रेषा 2θ कोनात आहे. म्हणून

l cosθ = 2r cos2θ

cos2θ = 2cos²θ − 1 घातलं की

4r cos²θ − l cosθ − 2r = 0

आणि वर्गसमीकरणाच्या सूत्राने

cosθ = [ l + √(l² + 32r²) ] / 8r

वर्गमुळाआधी उणे चिन्ह घेतलं तर cosθ ऋण येतो, म्हणजे θ ९० अंशांच्या पुढे, आणि तो इथे निरर्थक आहे.

उत्तरात W नाही याकडे लक्ष द्या. दांडी लाकडी असो की लोखंडी, एकसमान असेल आणि l आणि r यांचं गुणोत्तर तेच असेल तर कोन तोच.

दांडी किती लांब हवी

सूत्र मिळालं म्हणजे गणित संपलं असं नाही. दांडीची लांबी कुठल्या मर्यादेत असेल तर ही स्थिती मुळात शक्य आहे, हे पाहायला हवं. परीक्षेत हा भाग वेगळा विचारतात आणि बरेच जण तो सोडून देतात.

वरची मर्यादा सोपी आहे. cosθ ची किंमत १ पेक्षा जास्त होऊ शकत नाही. θ = 0 घातलं तर l = 2r येतं. म्हणजे पूर्ण दांडी वाडग्याच्या त्रिज्येच्या चौपटीपेक्षा लहान हवी. आकृतीतही हे पटतं: त्या टोकाच्या स्थितीत A समोरच्या काठापर्यंत चढलेला असतो आणि दांडीचा मध्य नेमका C वर येतो. दांडी आणखी लांब असेल तर मध्य काठाबाहेर जाईल आणि दांडी बाहेर कलंडेल.

खालची मर्यादा अशी की दांडी काठापर्यंत पोचली तर पाहिजे. 2l ही किमान AC एवढी हवी, म्हणजे l ≥ r cosθ. बरोबरीची स्थिती समीकरणात घाला:

4r cos²θ − r cos²θ = 2r, म्हणून cos²θ = 2/3

यातून θ सुमारे ३५.३ अंश आणि l = r√(2/3), म्हणजे 0.816r. पूर्ण लांबी साधारण 1.63r. दांडी याहून लहान असेल तर तिचं वरचं टोक काठावरून निसटून आत पडतं आणि दांडी वाडग्यात आडवी स्थिरावते.

म्हणजे दांडीची लांबी 1.63r आणि 4r यांच्या मध्ये असताना कोन ३५.३ अंशांपासून शून्यापर्यंत उतरत जातो. तुमचं उत्तर ४० किंवा ५० अंश आलं तर आकडेमोड पुन्हा करू नका, थेट आकृतीकडे परत जा. गुळगुळीत वाडग्यात आणि एकसमान दांडीला ३५.३ च्या वरचा कोन शक्यच नाही.

यात एक मजेशीर पट्टा आहे. लांबी 1.63r आणि 2r यांच्या दरम्यान असेल तर तीच दांडी काठावर टेकूनही राहू शकते आणि पूर्ण आत आडवीही राहू शकते. त्रिज्या १० सेंटिमीटर आणि दांडी १८ सेंटिमीटर घेतली तर काठावर ती ३४ अंशांवर थांबते, तेव्हा तिचा मध्य काठाच्या पातळीखाली ४.२ सेंटिमीटर असतो. आत आडवी ठेवली तर मध्य ४.४ सेंटिमीटर खाली जातो. दोन्ही ठिकाणी ती स्थिर आहे. कुठे राहील हे तुम्ही ती कशी ठेवता यावर ठरतं.

आकडे घालून

वाडग्याची आतली त्रिज्या १० सेंटिमीटर, दांडी ३० सेंटिमीटर. मग l = 15, म्हणजे r च्या दीडपट. दोन्ही मर्यादांच्या आत आहे. r ने भागून घेतलं की आकडे लहान राहतात:

cosθ = [1.5 + √(2.25 + 32)] / 8 = (1.5 + 5.852) / 8 = 0.919

θ = 23.2°

लगेच मूळ समीकरणात घालून बघा. डावी बाजू 1.5 × 0.919 = 1.379. उजवीकडे cos 46.4° म्हणजे 0.689, दुप्पट केली की 1.379. जुळलं.

जीवा AC = 20 × 0.919, म्हणजे १८.४ सेंटिमीटर दांडी आत आणि ११.६ सेंटिमीटर बाहेर.

आता चुकलेल्या आकृतीने काय होतं ते पाहा. C पाशी प्रतिक्रिया केंद्राकडे दाखवली तर दोन्ही प्रतिक्रिया O मधून जातात, म्हणून G ला O च्या खाली यावं लागतं आणि l cosθ = r cos2θ असं समीकरण बनतं. आपल्या दांडीसाठी त्यातून cosθ = 1.175 येतं आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. मग मुलं बटणं पुन्हा पुन्हा दाबत बसतात. आकृती बरोबर असून l च्या जागी चुकून पूर्ण लांबी ३० घातली, तरीही नेमकं 1.175 च येतं, कारण l दुप्पट होणं आणि 2r चं r होणं ही एकच गोष्ट आहे. म्हणून 1.175 दिसलं की दोन गोष्टी तपासा: C पाशीची दिशा, आणि l म्हणजे अर्धी लांबी आहे ना.

प्रतिक्रिया किती

दांडीच्या दिशेने घटक घ्या. N दांडीला लंब असल्याने तिचा या दिशेने वाटा नाही. R चा दांडीशी कोन θ, म्हणून

R cosθ = W sinθ, अर्थात R = W tanθ

N साठी A भोवती मोमेंट घ्या. N × 2r cosθ = W × l cosθ. cosθ दोन्हीकडून जातो आणि

N = W l / 2r

काठावरचा भार काढायला कोनाची गरजच पडत नाही, नुसतं लांबी आणि त्रिज्येचं गुणोत्तर पुरतं. आपल्या दांडीसाठी N = 0.75W आणि R = 0.429W. त्यांची बेरीज W पेक्षा जास्त येते, पण त्या वेगवेगळ्या दिशांना आहेत, तेव्हा दचकू नका. उभ्या दिशेची बेरीज करून पाहा: R sin 46.4° म्हणजे 0.311W, N cos 23.2° म्हणजे 0.689W, मिळून बरोबर W. आडव्या दिशेची बेरीज तुम्ही करा, ती शून्य यायला हवी.

ऊर्जेच्या वाटेने

प्रतिक्रियांच्या दिशांबद्दल मनात शंका उरली असेल तर ही दुसरी वाट घ्या, तिच्यात प्रतिक्रिया येतच नाहीत. गुळगुळीत स्पर्शावर प्रतिक्रिया काही कार्य करत नाही, म्हणून समतोल तिथे असतो जिथे स्थितिज ऊर्जा, म्हणजे G ची उंची, किंचित कोन बदलल्याने बदलत नाही.

काठाची पातळी शून्य धरा. A हा r sin2θ एवढा खाली आहे, आणि G त्याच्या l sinθ वर:

y = l sinθ − r sin2θ

विकलन घेऊन शून्य करा:

l cosθ − 2r cos2θ = 0

तेच समीकरण. आकृतीशिवाय, एकसंपाती रेषांशिवाय. परीक्षेत वेळ असेल तर उत्तर ताडून पाहायला मी मुलांना हीच पद्धत वापरायला सांगतो, कारण पहिल्या पद्धतीतली चूक इथे आपोआप पुन्हा होत नाही.

शिवाय हिच्यातून आणखी एक गोष्ट मिळते. पुन्हा एकदा विकलन घ्या: 4r sin2θ − l sinθ, म्हणजे sinθ (8r cosθ − l). वरच्या सूत्राप्रमाणे 8r cosθ − l म्हणजे √(l² + 32r²), जे कायम धन. म्हणून G त्या जागी सर्वात खाली असतो आणि समतोल स्थिर आहे. दांडीला जरा ढकललं तरी ती परत येते. असं आहे म्हणूनच हा प्रयोग घरी करून बघता येतो.

खऱ्या वाडग्यात करून बघायचं असेल तर

जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात वाडगे मिळतात, पण बहुतेकांचा तळ सपाट असतो आणि भिंत अर्धगोलापेक्षा उथळ. निवडताना आतला व्यास आणि मधली खोली मोजा. खोली व्यासाच्या निम्मी असेल तरच तो अर्धगोल. तळ थोडा सपाट असला तरी चालतो, कारण आपल्या दांडीचं टोक तळापर्यंत जात नाही, ते काठापासून सुमारे ७.२ सेंटिमीटर खोल भिंतीवर टेकतं. तिथली भिंत गोल हवी. सजावटीच्या सामानात पारदर्शक प्लास्टिकचे अर्धगोल मिळतात, ते जास्त सोयीचे, बाजूने आतलं टोक दिसतं.

अर्धगोल टेबलावर नुसता ठेवला तर दांडीच्या भाराने तो कलतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. दांडीचं वजन वाडग्याच्या मध्यावर पडत नाही, काठाच्या बाजूला जवळजवळ ७ सेंटिमीटर सरकलेलं असतं. घमेल्यात बारीक वाळू भरून त्यात वाडगा रोवा आणि काठावर स्पिरिट लेव्हल ठेवून काठ आडवा करून घ्या. लेव्हल नसेल तर वाडग्यात काठोकाठ पाणी भरून पाहा, मग ते पुसून टाका.

दांडी म्हणून ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची सरळ सळई घ्या. बांबूची काडी एका टोकाला जाड असते आणि विणायच्या सुईला मागे गाठ असते, म्हणून ती चालणार नाहीत. बोटावर तोलून मध्य अर्ध्यावरच येतो का ते पाहा. टोक कानसून गोल करा, नाहीतर ते भिंतीला ओरखडे पाडत अडकतं.

कोन कोनमापकाने मोजण्यापेक्षा लांबीवरून काढा. आत असलेली लांबी AC मोजली तर cosθ = AC/2r, पण यात १ मिलिमीटरची चूक सुमारे ०.७ अंशाची चूक करते. त्यापेक्षा बाहेरचं टोक काठाच्या पातळीपासून किती उंच आहे ते मोजा. आपल्या दांडीसाठी ती उंची ४.६ सेंटिमीटर यायला हवी, आणि १ मिलिमीटरच्या चुकीने कोन ०.४ अंशाने हलतो.

घर्षण किती फरक पाडतं

एवढं सगळं नीट करूनही दांडी २३.२ अंशांवर थांबत नाही. एकदा २० वर थांबेल, एकदा २७ वर. सूत्र चुकलेलं नसतं. घर्षण असलं की समतोलाचा एकच कोन उरत नाही, एक पट्टा तयार होतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा खूप रुंद असतो.

तो पट्टा आपल्याच आकृतीतून काढता येतो. घर्षणकोन λ म्हणा, म्हणजे tanλ = μ. दांडी सरकायच्या बेतात असताना A आणि C दोन्हीकडे एकदमच सरकते, म्हणून दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या लंबापासून λ ने, आणि एकाच बाजूला, वळतात. दोन्ही रेषा सारख्याच वळल्याने त्यांच्यातला कोन बदलत नाही. एकाच जीवेवर तोच कोन, म्हणून छेदनबिंदू D त्याच वर्तुळावर राहतो, फक्त वर्तुळावरून सरकतो. AD आता व्यास नसून 2r cosλ लांबीची जीवा होते. कोन वाढायच्या बेतात असेल तर ती 2θ + λ कोनात असते, कमी व्हायच्या बेतात असेल तर 2θ − λ कोनात. म्हणून दोन टोकांची समीकरणं:

l cosθ = 2r cosλ cos(2θ + λ)

l cosθ = 2r cosλ cos(2θ − λ)

पहिल्याने पट्ट्याचं खालचं टोक मिळतं, दुसऱ्याने वरचं. यांचं थेट सूत्र सुटसुटीत नाही, पण कॅल्क्युलेटरवर दोन-चार किमती घालून उत्तर लगेच जवळ येतं. घर्षणाचा गुणांक 0.2 धरा, λ = 11.3°. तर आपली दांडी १५.६ अंशांपासून २९.९ अंशांपर्यंत कुठेही निवांत थांबू शकते. म्हणजे आतली लांबी १७.३ ते १९.३ सेंटिमीटरमध्ये कुठलीही.

म्हणून एकच वाचन घेऊन सूत्राशी ताडू नका. दांडी हाताने आडव्याजवळ धरा आणि कोन हळूहळू वाढवत, मधूनमधून सोडून पाहा. ज्या कोनाला ती पहिल्यांदा जागीच थांबते तो पट्ट्याचा खालचा काठ. मग उलट बाजूने, उभट स्थितीतून कोन कमी करत वरचा काठ शोधा. दोन्हींची सरासरी घ्या. वरच्या उदाहरणात ती २२.८ येते, गुळगुळीत उत्तरापासून अर्ध्या अंशाच्या आत. पट्टा किती रुंद आला त्यावरून वाडग्याचं घर्षणही कळतं: λ च्या किमती बदलत जा आणि ज्या किमतीला तुमचे दोन्ही काठ जुळतात ती घ्या.

पट्टा अरुंद करायचा असेल तर टोकाला आणि काठाला खोबरेल तेलाचं बोट लावा, आणि दांडी ठेवल्यावर वाडग्याच्या भिंतीवर बाहेरून पेन्सिलीने हलकेच टिचक्या मारत राहा. प्रत्येक टिचकीने स्पर्श क्षणभर सुटतो आणि दांडी खऱ्या कोनाकडे थोडी सरकते. सरकणं थांबलं की उंची मोजा. दोन्ही बाजूंनी सुरुवात करून टिचक्यांनंतर एकच उंची येत असेल तर ते वाचन धरा. अजूनही फरक राहत असेल तर काठ तपासा: स्टीलच्या वाडग्याची कड बाहेर गोल वळवलेली असते, तिथे C हा बिंदू आतल्या त्रिज्येवर नसून काही मिलिमीटर बाहेर आणि वर असतो. अशा वाडग्याला आपलं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, धारदार काठाचा अर्धगोल घ्यावा लागतो.